आयबीएस: नुसती लक्षणं विचारून निदान होतं का? मग दुर्बीण, सीटी कशासाठी?

कर्वेनगरकर
माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे, हिंजवडीत नोकरी करतो. साधारण दोन वर्षांपासून त्याचं पोट बिघडलेलं आहे. सकाळी उठल्यावर ओटीपोटात डाव्या बाजूला कळ येते, संडासला जाऊन आलं की थांबते. नाश्ता झाला की पुन्हा जावं लागतं आणि कंपनीची बस यायच्या आधी बहुतेक वेळा तिसऱ्यांदा. शौचाला पातळ होते, पाण्यासारखी नाही. दिवाळीत घरी असला की बराच बरा असतो.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बराच वेळ प्रश्न विचारले, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, हा आयबीएस म्हणजे इरिटेबल बाउल सिंड्रोम आहे, रक्ताच्या एक-दोन तपासण्या करू, बाकी कशाची गरज नाही. घरात कुणालाच ते पटलं नाही. नुसतं बोलून निदान कसं होईल, असं आईचं म्हणणं. म्हणून एका मोठ्या रुग्णालयात दाखवलं. तिथे कोलोनोस्कोपी, पोटाचा सीटी स्कॅन, शौचाचं कल्चर आणि शेकडो पदार्थांचं 'फूड सेन्सिटिव्हिटी पॅनेल' अशी यादी हातात मिळाली.

पैशांची सोय होईल, प्रश्न तो नाही. मला जाणून घ्यायचं आहे की लक्षणांवरून केलेलं निदान खरंच पक्कं असतं का, की तो फक्त डॉक्टरांचा अंदाज असतो? आणि या यादीतलं काय करावं, काय सोडावं?

पैलतीर
सगळ्या करून घ्या, ताई. आतड्याचं दुखणं अंगावर काढू नये. माझ्या चुलतभावाला असंच साधं पोट म्हणून वर्षभर गोळ्या दिल्या आणि शेवटी अल्सरेटिव्ह कोलायटिस निघालं. आयबीएस लवकर पकडला नाही तर तो असाच वाढत जातो.

रानजाई
@पैलतीर, दोन वेगळे आजार एकत्र होताहेत. कोलायटिस आणि क्रोन्स हे आयबीडी. त्यात आतड्याला सूज येते, जखमा होतात. आयबीएसमध्ये आतडं दिसायला ठीक असतं, पण त्याची हालचाल आणि संवेदना बिघडलेल्या असतात. आयबीएस वाढून आयबीडी होत नाही. तुमच्या भावाच्या शौचातून रक्त जात होतं का?

पैलतीर
हो, सुरुवातीपासून. मूळव्याध समजून दुर्लक्ष झालं.

खडकवासला_पूर
आम्हाला तर शिकवलं होतं की आयबीएस हे 'वगळून उरणारं' निदान आहे. म्हणजे आधी बाकी सगळे आजार तपासण्यांनी बाद करायचे, काहीच सापडलं नाही तर आयबीएस म्हणायचं. मी फार्मसी केलं, त्याला बरीच वर्षं झाली. त्या हिशेबाने मोठ्या रुग्णालयाची यादी बरोबर वाटते.

सांजओपीडी
मी एमडी मेडिसिन, सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दवाखाना. खडकवासला_पूर यांनी सांगितलं ते एके काळी सगळीकडे शिकवलं जायचं, आजही बरेच जण तसंच वागतात. पण आता दिशा उलटी झाली आहे.

१९७८ मध्ये ब्रिस्टलच्या मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी पोटदुखीच्या रुग्णांना आधी लक्षणांची प्रश्नावली दिली आणि पुढे त्यांचं निदान काय ठरलं ते पाहिलं. काही लक्षणं आयबीएसच्याच लोकांत जास्त आढळली. उदाहरणार्थ, शौचाला झाल्यावर दुखणं थांबतं, किंवा दुखणं सुरू झालं की शौच पातळ होते आणि जास्त वेळा होते. तिथून पुढे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ठरवलेले रोमचे निकष आले. सध्या चालतात ते २०१६ चे, चौथे.

त्यांचा गाभा असा. पोटात दुखणं हवंच, सरासरी आठवड्यातून निदान एक दिवस, गेले तीन महिने. त्या दुखण्याचा शौचाशी संबंध हवा, किंवा त्याबरोबर शौचाच्या वेळा बदलायला हव्यात, किंवा शौचाचं रूप बदलायला हवं. या तिन्हींपैकी दोन तरी. आणि त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची हवी.

ताई, तुमच्या भावाचं वर्णन यात बसतं असं वाटतं. पण निकषांत बसणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे धोक्याच्या खुणा विचारणं. म्हणून तुम्हालाच विचारतो. शौचात रक्त? वजन आपोआप उतरलंय? ताप येतो? रात्री झोपेतून उठून संडासला पळावं लागतं? हिमोग्लोबिन कमी आहे? घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, कोलायटिस किंवा सीलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार? आणि त्याला कुठली औषधं चालू आहेत?

कर्वेनगरकर
डॉक्टर, भावाला शेजारी बसवून लिहिते आहे. रक्त कधीच नाही. वजन दोन वर्षांत थोडं वाढलंय. ताप नाही. रात्री एकदा झोपला की सकाळपर्यंत काही नाही. दुखणं आठवड्यातून तीन-चार दिवस असतं, सुट्टीत कमी. हिमोग्लोबिन कंपनीच्या तपासणीत १४.२ होतं. मामांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता, तेव्हा ते सत्तरीच्या पुढे होते. आईबाबांना, आम्हा भावंडांना तसलं काही नाही. औषध रोजचं कुठलंच नाही.

ओंजळ
रात्रीचा प्रश्न का विचारला असेल? माझं तर रात्री झोपच लागत नाही, मग पोटात गुडगुड सुरू होते.

सांजओपीडी
@ओंजळ, यातला फरक नीट विचारावा लागतो. झोप लागत नाही, माणूस जागा आहे आणि जागेपणी पोट बोलतं, ही एक गोष्ट. गाढ झोपेतून पोटानेच उठवणं ही दुसरी. आयबीएसचं आतडंही झोपेत बहुधा शांत असतं. सूज किंवा जंतू यांचा जुलाब झोप पाहत नाही. रुग्ण नुसतं 'रात्री होतं' म्हणाला की मी विचारतो, आधी जाग आली की आधी कळ आली?

@कर्वेनगरकर, आता तुमच्या भावाचं एकेक पाहू. दुखणं आठवड्यातून तीन-चार दिवस, म्हणजे किमान एक दिवसाची अट सहज पार. शौचाला झाल्यावर थांबतं, म्हणजे संबंध आहे. वेळा बदलल्या आहेत, रूपही बदललं आहे. दोन हवे होते, तिन्ही आहेत. कालावधी दोन वर्षांचा. धोक्याची एकही खूण नाही. मामांचा आजार ऐकून घरचे घाबरले असणार हे समजतं. पण आपण मुख्यतः पाहतो ते आईवडील आणि सख्खी भावंडं, आणि त्यातही आजार कमी वयात झाला होता का हे. मामांना सत्तरीनंतर झाला, यावरून २९ व्या वर्षी दुर्बीण घालायचं कारण मला दिसत नाही. अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये हेच सांगितलं: वय ४५ च्या आत, धोक्याची खूण नाही, तर नेमाने कोलोनोस्कोपी करू नका.

पण 'काहीच तपासू नका' असं कुणी म्हणत नाही. पातळ शौच हा मुख्य त्रास असेल तर मी हिमोग्राम, शरीरातली सूज दाखवणारी सीआरपी, शौचातलं कॅलप्रोटेक्टिन आणि सीलिॲकची टीटीजी ही तपासणी करतो. कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींतलं प्रथिन. आतड्याला सूज असेल तर शौचात वाढतं. ते ५० च्या आत आलं तर सूज असण्याची शक्यता फारच कमी. यात भूल नाही, पोट रिकामं करायचं औषध नाही.

एक सूचना. टीटीजीचं रक्त देईपर्यंत पोळी-ब्रेड चालू ठेवायचा. बरेच जण कुणाचं तरी ऐकून आधीच गहू बंद करतात आणि मग निगेटिव्ह आलेल्या रिपोर्टला काही अर्थ राहत नाही.

थेम्सकाठी
मी रेडिंगला असते. इथे जीपीकडे हेच झालं. रक्त तपासलं, सीलिॲक तपासलं, कॅलप्रोटेक्टिन तपासलं आणि आयबीएस सांगितलं. इथल्या 'नाइस' संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत तर काय करायची गरज नाही त्याचीच यादी दिलेली आहे. सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, थायरॉइड, शौचातले जंत, सगळं त्यात आहे. मला आधी वाटलं सरकार पैसे वाचवतंय. पण सगळं नीट समजावून सांगितलं तेव्हा पटलं.

वाईचा_घाट
इंग्लंडचं इथे कसं चालेल? आपल्याकडे पाणी कसलं, खाणं कसलं. मला दहा वर्षं क्रॉनिक अमिबायसिस आहे. दर वेळी शौच तपासलं की सिस्ट निघतात, दर वेळी मेट्रोनिडाझोलचा कोर्स, पंधरा दिवस बरं, मग परत तेच. जंत तपासायची गरज नाही म्हणणं आपल्याकडे चुकीचं आहे.

भिंगातून
मी लॅबमध्ये काम करते, स्लाइड मीच पाहते, म्हणून लिहिते. अमिबाच्या सिस्ट दिसल्या असं आम्ही लिहितो, तेव्हा दोन जाती भिंगाखाली हुबेहूब सारख्या दिसतात. एक हिस्टोलिटिका, जी आव पाडते. दुसरी डिस्पार, जी आतड्यात निवांत राहते आणि काहीच करत नाही. नुसत्या सिस्टवरून मला जात सांगता येत नाही. त्यासाठी अँटिजेन किंवा पीसीआर लागतं, आणि ते क्वचितच कुणी मागतं. तेव्हा रिपोर्टवर सिस्ट असणं आणि त्यामुळेच दहा वर्षं पोट दुखणं, या दोन गोष्टी आपोआप जुळत नाहीत.

आता पॅकेजबद्दल. 'नॉर्मल रेंज' बहुतेक तपासण्यांत अशी ठरवतात की निरोगी शंभर माणसांतली ९५ तिच्या आत येतील. म्हणजे पाच निरोगी माणसं बाहेर पडणारच. आता एका निरोगी माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या करा. एक तरी रेषेबाहेर जाण्याची शक्यता शंभरात सुमारे ६४ येते. मग ठळक अक्षरात छापलेला तो एक आकडा घेऊन माणूस रात्रभर जागतो आणि सकाळी पुढची तपासणी करायला येतो. असे लोक मी रोज पाहते आणि मला वाईट वाटतं.

वाईचा_घाट
हे मला दहा वर्षांत कुणी सांगितलं नाही. पण मग औषधाने पंधरा दिवस बरं का वाटतं?

सांजओपीडी
@वाईचा_घाट, याची एकाहून जास्त कारणं असू शकतात. आयबीएस तसाही कमी-जास्त होत असतो आणि माणूस सर्वांत वाईट दिवसांत औषध घेतो, त्यामुळे पुढचे दिवस आपोआप बरे येतात. अँटिबायोटिकने आतड्यातले इतर जीवाणू बदलतात, त्यानेही गॅस-जुलाबात काही काळ फरक पडतो. जिआर्डिया नावाचा परजीवी असेल तर खरंच त्याचा उपचार झालेला असतो. म्हणून तुमचा मुद्दा मी पूर्ण बाद करत नाही. जुलाब नवे असतील, प्रवासानंतर सुरू झाले असतील, शौच तेलकट-दुर्गंधी असेल, तर मी जिआर्डिया तपासतो. दहा वर्षांच्या जुन्या दुखण्यात दर तीन महिन्यांनी शौच तपासून काय मिळतं, हा खरा प्रश्न आहे. तुम्हाला मुरडा येऊन रक्ताची आव कधी पडली?

वाईचा_घाट
आव पांढरी, चिकट. रक्त नाही.

सांजओपीडी
नुसती पांढरी चिकट आव आयबीएसमध्येही पडते. मॅनिंगच्या १९७८ च्या लक्षणांतही ती होती. पुढचा कोर्स घेण्याआधी कुणाला तरी पोट दाखवून सविस्तर बोला. आणि रोमचे निकष स्वतःला लावून पाहा.

शिळोप्याचा_कट्टा
इतक्या मोकळेपणाने शौचावर बोलणारा धागा पहिल्यांदाच पाहतोय. घरी जेवताना वाचत होतो, बायकोने फोन काढून घेतला!

कृष्णाकाठ
आयुर्वेदात याला ग्रहणी म्हणतात आणि तिथेही निदान लक्षणांवरूनच होतं: कधी घट्ट, कधी पातळ, जेवलं की लगेच. ताकाने मला फरक पडला. मग या निकषांत नवीन काय आहे?

रानजाई
@कृष्णाकाठ, काही लक्षणं नक्की जुळतात. पण ग्रहणीत सीलिॲक, स्प्रू, लॅक्टोज न पचणं, सगळंच येऊ शकतं. इथे प्रश्न त्यातला आयबीएस कोणता हे ओळखण्याचा आहे. धोक्याच्या खुणांची चाळणी त्यासाठीच लागते.

खडकवासला_पूर
डॉक्टर, एक खटकतंय. तुम्ही एकाच रुग्णाचं सांगताय. हजारात एखादा गंभीर आजार लक्षणांच्या मागे लपून राहिला तर? सगळं तपासलेलं बरं, असं म्हणणाऱ्याचं चुकतं कुठे?

सांजओपीडी
रास्त प्रश्न. डेन्मार्कमध्ये हा प्रयोग करून पाहिलेला आहे, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १८ ते ५० वयाचे, आयबीएस वाटणारे, धोक्याची खूण नसलेले ३०२ रुग्ण घेतले आणि त्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटात लक्षणांवरून निदान आणि मोजक्या तपासण्या. दुसऱ्यात आधी सगळं वगळायचं, मग आयबीएस म्हणायचं. वर्षभरानंतर दोन्ही गटांतल्या लोकांची तब्येत सारखीच होती. आयबीडी, आतड्याचा कर्करोग किंवा सीलिॲक कुठल्याच गटात निघाला नाही. ज्यादा तपासण्यांनी खर्च तेवढा वाढला.

पण याच्या मर्यादाही सांगतो. तीनशे माणसांत दुर्मिळ आजार न दिसणं म्हणजे तो नाहीच असं नव्हे. आणि ते डेन्मार्क आहे. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आहे. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतात, तिथे तो बसतो आणि सुरुवातीला अगदी आयबीएससारखा दिसू शकतो. म्हणून मी दोन प्रश्न ज्यादा विचारतो. संध्याकाळी अंगात कणकण असते का? आणि जेवल्यानंतर पोटात गोळा फिरल्यासारखा होऊन गुडगुड वाजतो आणि मग एकदम सुटतो का, उलटी होते का? यातलं काही असेल तर रोमचे निकष बाजूला ठेवतो आणि दुर्बीण, सीटी स्वतः सांगतो. म्हणजे दुर्बिणीला माझा विरोध नाही. ती कुणाला घालायची हे प्रश्नांनी ठरावं, एवढंच म्हणणं आहे.

कर्वेनगरकर
अपडेट. कणकण, गोळा, उलटी यातलं काहीच नाही. रक्ताचे रिपोर्ट चांगले आले, सीआरपी नॉर्मल, टीटीजी निगेटिव्ह. पण कॅलप्रोटेक्टिन ८६ आलंय. ५० च्या आत हवं होतं ना? घरात पुन्हा घबराट. आई म्हणते, बघा, मी सांगत होते.

पैलतीर
मग आता दुर्बीण कराच.

भिंगातून
एक मिनिट. भावाने महिनाभरात दुखण्यावरच्या गोळ्या घेतल्या आहेत का? आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक वगैरे?

कर्वेनगरकर
विचारलं. हो! गुडघा दुखतो म्हणून जिमनंतर आयब्रुफेन असलेली गोळी घेतो. 'रोजचं औषध' नाही म्हणून मला सांगितलंच नव्हतं.

सांजओपीडी
@भिंगातून यांनी नेमकं विचारलं. या गोळ्या आतड्याच्या अस्तराला किंचित ओरखडे पाडतात आणि कॅलप्रोटेक्टिन वाढतं. ५० पासून दोन-अडीचशेपर्यंतचा आकडा एकट्याने काहीच ठरवत नाही. खरी कोलायटिस असेल तर आकडा बऱ्याचदा कित्येक शेकड्यांत असतो आणि सोबत रक्त, सीआरपी, हिमोग्लोबिन यातलं काहीतरी बोलतं. गोळी पूर्ण थांबवा, गुडघ्याला हवं तर पॅरासिटामॉल घ्या, आणि साधारण महिन्याभराने त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. तेव्हाही वाढलेलं असेल, किंवा मध्ये रक्त दिसलं, वजन उतरलं, तर मी स्वतः म्हणेन की दुर्बीण करा.

बरं, 'औषध' म्हटलं की लोकांना फक्त रोजची गोळी आठवते. म्हणून मी विचारताना आयब्रुफेन, ॲसिडिटीचं पातळ औषध, मधुमेहाची गोळी, अशी नावं घेतो.

तांबडी_माती
मधुमेहाची गोळी म्हणालात म्हणून लिहितो. मला ५२ व्या वर्षी जुलाब सुरू झाले, सगळे आयबीएस म्हणत होते. कोल्हापूरच्या एका बाईंनी औषधांची पिशवीच टेबलावर ओतायला लावली. मेटफॉर्मिन नुकतंच वाढवलं होतं. त्यांनी ते हळू सुटणाऱ्या प्रकारात बदललं आणि जुलाब थांबले. त्या वयात नवा त्रास म्हणून कोलोनोस्कोपी मात्र त्यांनी करायला लावली, आणि ती नीट निघाली.

ओंजळ
माझ्या आईचं वय ५८. सहा महिन्यांपासून पोट फुगतं, चार घास खाल्ले की भरल्यासारखं वाटतं, शौचाच्या वेळा बदलल्या आहेत. पूर्वी कधी पोटाची तक्रार नव्हती. तिलाही हे निकष लावता येतील का?

सांजओपीडी
@ओंजळ, नाही. आईंच्या बाबतीत निकष लावत बसू नका. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आयबीएससारखी लक्षणं येणं हीच धोक्याची खूण आहे. त्यात बाईंना पोट फुगणं आणि लवकर भरल्यासारखं वाटणं असेल तर बीजकोशाचा कर्करोग नाही ना, हे आधी पाहायचं असतं. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पोट आणि ओटीपोटाची तपासणी, सोनोग्राफी, सीए-१२५ ही रक्ताची तपासणी, आणि शौचाच्या बदलामुळे बहुधा कोलोनोस्कोपीही. घाबरवण्यासाठी सांगत नाही, बऱ्याच जणींत काहीच निघत नाही. पण इथे तपासणी लांबवू नका.

ओंजळ
उद्याच नेते. धन्यवाद डॉक्टर.

खडकवासला_पूर
आता लक्षात येतंय. भाऊ आणि आई, दोघांचीही पोटाचीच तक्रार, पण एकाला दुर्बीण नको आणि दुसरीला तातडीने तपासण्या. ठरतंय ते वय आणि खुणांवर.

थेम्सकाठी
फूड पॅनेलचं राहिलंच. इथे कुणी ते सांगत नाही.

भिंगातून
त्या पॅनेलमध्ये बहुतेक वेळा आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात. आपण जे नेहमी खातो त्याचं आयजीजी रक्तात सापडतंच, ते असहिष्णुतेचा पुरावा नाही. रिपोर्टमध्ये गहू, दूध, तूरडाळ, शेंगदाणा, सगळं लाल रंगात येतं आणि माणूस भात-मुगावर येऊन ठेपतो. त्यापेक्षा दूध पंधरा दिवस बंद करून पाहावं, फरक पडला तर लॅक्टोजचा विचार करावा. कांदा-लसूणही बऱ्याच जणांना त्रास देतो, पण तो रक्तात मोजायचा विषय नाही, ताटात पाहायचा आहे.

दुपारची_गाडी
मला दुखत नाही. अजिबात नाही. फक्त संध्याकाळपर्यंत पोट ढोलासारखं फुगतं आणि दोन-तीन दिवस पोट साफ होत नाही. निकषांत दुखणं हवंच असेल तर मला आयबीएस नाही का? डॉक्टर मात्र आयबीएसच म्हणतात.

सांजओपीडी
@दुपारची_गाडी, इथे तज्ज्ञांमध्येही एकमत नाही. २००६ च्या तिसऱ्या रोममध्ये 'दुखणं किंवा अस्वस्थता' असं होतं. २०१६ मध्ये अस्वस्थता काढली, दुखणं ठेवलं, कारण अस्वस्थतेचा अर्थ प्रत्येक भाषेत वेगळा निघत होता. वारंवारताही वाढवली, महिन्यातून तीन दिवस होती ती आठवड्यातून एक दिवस झाली. संशोधनासाठी हे चांगलं, सगळीकडे एकसारखे रुग्ण मिळतात. पण आपल्याकडे अनेक रुग्ण दुखण्यापेक्षा फुगणं आणि पोट साफ न होणं हीच मुख्य तक्रार सांगतात, आणि कडक निकष लावले तर ते बाहेर राहतात. त्यांना बद्धकोष्ठता किंवा पोटफुगी अशी वेगळी नावं आहेत. उपचार मात्र बराचसा तोच.

पुढे २०२२ मध्ये रोमवाल्यांनीच दवाखान्यासाठी सवलत दिली. त्रास रुग्णाला जाचत असेल, आठ आठवडे टिकला असेल आणि दुसऱ्या आजाराची शंका नसेल, तर वारंवारतेचा काटा थोडा सैल धरून निदान करता येतं. माझ्या मते ते शहाणपणाचं आहे. माझे एक गॅस्ट्रोचे मित्र याच्या विरोधात आहेत. ते म्हणतात, सैल केलं की प्रत्येक गॅसवाला आयबीएस होईल.

कर्वेनगरकर
भावाचं दुसरं कॅलप्रोटेक्टिन ३१ आलं, गोळी बंद केल्यानंतर. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आयबीएस, जुलाबाचा प्रकार असं लिहून दिलं. इसबगोल रोज, दुपारच्या कॅन्टीनमधला कांदा-लसूण आणि सकाळची कडक कॉफी कमी, आणि दोन महिन्यांनी परत या म्हणाले. आई अजून 'सीटी तरी' म्हणते. डॉक्टरांनी तिला बोलावून धोक्याच्या खुणा एका कागदावर लिहून दिल्या, त्यातली एक जरी दिसली तर त्याच दिवशी आणा, असं सांगून. त्यावर ती सध्या थांबली आहे.

एक विचारायचं राहिलं. 'जुलाबाचा प्रकार' कशावरून ठरवलं? मधूनमधून त्याला घट्टही होते.

सांजओपीडी
ब्रिस्टलचा तक्ता असतो, एक ते सात. एक म्हणजे सुटे कडक खडे, चार म्हणजे मऊ गुळगुळीत, सात म्हणजे निव्वळ पाणी. शौच बिघडलेल्या दिवसांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त वेळा सहा-सात असेल आणि एक-दोन चौथ्या हिश्शाहून कमी असेल, तर जुलाबाचा प्रकार. दोन्ही चौथ्या हिश्शाहून जास्त, तर मिश्र. आठवणीवर विसंबू नका, वाईट दिवसच लक्षात राहतात. दोन आठवडे भावाने फोनमध्ये रोज आकडा टिपावा, त्या काळात लोपेरामाइड किंवा रेचक काहीही घेऊ नये, नाहीतर औषधाचं रूप नोंदलं जातं, आतड्याचं नाही. इसबगोलने शौच बांधून येते, म्हणून शक्य असेल तर ते सुरू करण्याआधीचे दोन आठवडे टिपावेत.

कर्वेनगरकर
इसबगोल कालच आणलंय, फोडलेलं नाही. मग सोमवारपासून आधी टिपायला सांगते.